दूध बिलाच्या फोटोवरून विचरण गुणांक कसा काढायचा: लिटर जास्त हलतं की फॅट?

दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल हातात आलं की बहुतेक जण थेट खालची रक्कम बघतात. पण त्याच कागदावर एका रकान्यात लिटर असतं, दुसऱ्यात फॅट, आणि त्यावरून एक कामाचा प्रश्न विचारता येतो. म्हैस रोज सारखंच दूध देते का, फॅट रोज सारखंच लागतं का, आणि या दोन्हींपैकी जास्त स्थिर काय? लिटर आणि फॅट ही एककं वेगळी, त्यामुळे दोन रकाने नुसते शेजारी ठेवून उत्तर मिळत नाही. त्यासाठी विचरण गुणांक वापरायचा, म्हणजे आकडे सरासरीच्या मानाने किती टक्के खालीवर होतात ते सांगणारं माप. बोलताना त्याला सरळ सीव्ही म्हणतात, पुढे मीही तेच म्हणेन. कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये हे माप मांडलं.

हा लेख फोटोपासून उत्तरापर्यंतचा आहे. हिशोब सोपा आहे. चुका बहुतेक वेळा फोटोवरून आकडे उतरवताना होतात, म्हणून त्या भागाला मी जास्त जागा दिली आहे.

फोटो काढताना

मशीनमधून निघणारी पावती बहुधा थर्मल कागदाची असते आणि तिची छपाई हळूहळू फिकट पडते. म्हणून पावती मिळाली त्याच दिवशी फोटो काढा. कागद सपाट जागेवर ठेवा, कडा वर येत असतील तर चारही कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवा आणि मोबाइल कागदाच्या बरोबर वर, समांतर धरा. तिरका फोटो काढला तर ओळी एका बाजूला उतरतात आणि डोळा नकळत वरच्या तारखेचं लिटर खालच्या तारखेच्या फॅटशी जोडतो. पानभर फोटोत दशांश चिन्ह दिसत नसेल तर अर्ध्या-अर्ध्या पानाचे दोन फोटो काढा, पण दोन्हींत तारखेचा रकाना आलाच पाहिजे. सगळ्यात खालची बेरजेची ओळ फोटोत हवीच. ती का, ते पुढे येईलच.

आकडे उतरवताना

समजावण्यासाठी एका म्हशीचं दहा दिवसांचं फक्त सकाळचं दूध घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत.

| दिवस | लिटर | फॅट |
|---|---|---|
| १ | ३.० | ७.० |
| २ | २.८ | ७.३ |
| ३ | ३.३ | ६.७ |
| ४ | २.६ | ७.५ |
| ५ | ३.१ | ७.१ |
| ६ | ३.५ | ६.२ |
| ७ | २.७ | ७.३ |
| ८ | ३.२ | ६.६ |
| ९ | ३.० | ७.० |
| १० | २.८ | ७.३ |

सकाळ आणि संध्याकाळ एकत्र करू नका. दोन धारांमधलं अंतर सारखं नसतं, त्यामुळे दोन्ही वेळचं दूध आणि फॅट मुळातच वेगळं येतं. दोन्ही एका रकान्यात कोंबलं तर तो फरक चढउतार म्हणून मोजला जातो आणि सीव्ही उगाच फुगतो. एक वेळ धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

आता वाचण्यातल्या चुका. फिकट छपाईत 3 चा 8 होतो, घाईत लिहिलेला 1 हा 7 दिसतो. मराठी आकड्यांत लिहिलेलं कार्ड असेल तर १ आणि ९ एकमेकांत मिसळतात, आणि ४ ला इंग्रजी 8 समजून बसणं तर फारच सहज होतं. दशांश चिन्ह हरवलं तर मात्र चूक लपत नाही. २.६ चे २६ झाले तर एक म्हैस एका वेळेला सव्वीस लिटर देत नाही हे कुणालाही कळतं.

खरी पंचाईत होते ती पटण्यासारख्या चुकीमुळे. पाचव्या दिवसाचे ३.१ लिटर तुम्ही ३.७ वाचले असं धरा. आकडा अजिबात खटकत नाही, पण लिटरचा सीव्ही ८.९ वरून थेट ११.१ टक्क्यांवर जातो. ही चूक पकडायला बेरीज उपयोगी पडते. बिलाच्या तळाशी सकाळचं एकूण लिटर ३०.० छापलेलं आहे आणि तुमची बेरीज ३०.६ येते. फरक ०.६, म्हणजे दशांशाच्या जागी सहाचा फरक, आणि 1 चा 7 वाचला तर नेमका तेवढाच फरक पडतो. म्हणून आधी .१ आणि .७ ने संपणारे आकडे पुन्हा बघा. फरक ५.० आला असता तर 3 चा 8 झालाय का ते बघायचं. सहाव्या दिवसाचे ३.५ कुणी ८.५ वाचले तर बेरीज ३५.० येते आणि सीव्ही ४८ टक्के होतो. मराठी आकड्यांच्या कार्डावर चाराचा फरक दिसला तर ४ आणि 8 ची गफलत आधी तपासा. बेरजेतल्या फरकावरून चुकीचा अंक शोधायची ही सवय लावून घ्या, वेळ फार वाचतो.

फॅटच्या रकान्याला बेरीज नसते. तिथे दर कामाला येतो. रक्कम भागिले लिटर केलं की त्या दिवसाचा दर मिळतो. फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, दोन्ही सारखे असलेल्या दोन दिवसांचा दर सारखाच यायला हवा, न आल्यास कुठला तरी आकडा चुकीचा उतरलाय. काही बिलांवर सरासरी फॅट छापलेलं असतं, पण ते तुमच्या सरासरीशी तंतोतंत जुळेलच असं नाही. बिलावरची सरासरी पुष्कळदा लिटरचं वजन धरून काढतात, म्हणजे जास्त दूध असलेल्या दिवसाचं फॅट जास्त मोजलं जातं. आपल्या तक्त्यात साधी सरासरी ७.०० येते, तर लिटरचं वजन धरून ६.९७. एवढ्या फरकासाठी फोटो पुन्हा चाळत बसू नका.

एखाद्या दिवशी दूध घातलंच नसेल तर ती जागा रिकामी ठेवा, शून्य लिहू नका. आपल्या दहा दिवसांत अकरावा दिवस शून्य लिटर म्हणून घातला तर लिटरचा सीव्ही ८.९ वरून ३३ टक्के होतो. म्हैस आटली म्हणून दूध नव्हतं की पाहुण्यांसाठी घरात ठेवलं, हे फोटो सांगत नाही. ते घरच्यांना विचारूनच ठरवावं लागतं.

आधी सरासरी, मग प्रमाण विचलन

लिटरची बेरीज ३०.०, दिवस १०, सरासरी ३.० लिटर. आता प्रत्येक दिवस सरासरीपासून किती दूर आहे ते बघा. पहिला दिवस ०, दुसरा उणे ०.२, तिसरा ०.३, चौथा उणे ०.४, असं पुढे. हे फरक तसेच मिळवले तर उत्तर शून्य येतं, कारण सरासरीच्या वरचे आणि खालचे फरक एकमेकांना खाऊन टाकतात. तुमची बेरीज शून्य आली नाही तर सरासरी चुकली आहे, तिथेच थांबा. शून्य आली की प्रत्येक फरकाचा वर्ग करा:

० + ०.०४ + ०.०९ + ०.१६ + ०.०१ + ०.२५ + ०.०९ + ०.०४ + ० + ०.०४ = ०.७२

त्याला १० ने भागलं की ०.०७२, आणि त्याचं वर्गमूळ ०.२६८. हे लिटरचं प्रमाण विचलन. साध्या बोलीत सांगायचं तर दूध तीन लिटरच्या आसपास साधारण पाव लिटरने खालीवर होतं.

फॅटचं तसंच. बेरीज ७०.०, सरासरी ७.०, फरकांच्या वर्गांची बेरीज १.४२, तिला १० ने भागून ०.१४२, वर्गमूळ ०.३७७.

इथे घाई केली तर चुकीचं उत्तर हाती लागतं. ०.३७७ हे ०.२६८ पेक्षा मोठं, म्हणजे फॅट जास्त हलतं, असं वाटतं. पण एक आकडा फॅटचा आहे आणि दुसरा लिटरचा, त्यांत लहानमोठं ठरवताच येत नाही. तेच दूध मिलिलिटरमध्ये मोजा, प्रमाण विचलन २६८ होईल आणि आता लिटरचा रकाना प्रचंड हलतोय असं दिसेल. म्हैस तीच, धार तीच, फक्त एकक बदललं आणि निकाल उलटा झाला. म्हणून नुसत्या प्रमाण विचलनावर हा प्रश्न सोडवायचा नाही.

सरासरीने भागा

प्रमाण विचलनाला त्याच रकान्याच्या सरासरीने भागायचं आणि १०० ने गुणायचं. वरही लिटर, खालीही लिटर, त्यामुळे एकक निघून जातं आणि शुद्ध प्रमाण उरतं.

लिटर: ०.२६८ ÷ ३.० × १०० = ८.९ टक्के

फॅट: ०.३७७ ÷ ७.० × १०० = ५.४ टक्के

सीव्ही लहान तो रकाना जास्त स्थिर. म्हणजे या दहा दिवसांत फॅट लिटरपेक्षा स्थिर राहिलं. मिलिलिटरमध्ये करून बघा, २६८ भागिले ३००० केलं तरी ८.९ च येतात.

फॅट स्वतःच टक्क्यांत मोजतात, त्यामुळे इथे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. ५.४ टक्के हा फॅटचा आकडा नाही. फॅट सरासरी ७.०, ते साधारण ०.३८ ने हलतं, आणि ही हालचाल सातच्या ५.४ टक्के आहे. उत्तर लिहिताना ‘फॅटचा सीव्ही’ असं पूर्ण लिहा, म्हणजे वाचणाऱ्याची फसगत होत नाही.

मधल्या पायऱ्यांत आकडे फार तोडू नका. ०.२६८ चं ०.३ केलं तर लिटरचा सीव्ही १० टक्के होतो. तीन-चार दशांश ठेवा आणि फक्त शेवटचं उत्तर एका दशांशापर्यंत आणा.

स्प्रेडशीटमध्ये

लिटर B रकान्यात आणि फॅट C रकान्यात, दुसऱ्या ओळीपासून भरलं असेल तर:

```
=COUNT(B2:B11)
=SUM(B2:B11)
=STDEV.P(B2:B11)/AVERAGE(B2:B11)*100
=STDEV.P(C2:C11)/AVERAGE(C2:C11)*100
```

पहिली ओळ गाळू नका. COUNT चं उत्तर १० यायला हवं. कुठे ‘३.० ली’ असं एककासकट टाइप झालं असेल, किंवा फोटोतून मजकूर उचलताना आकड्याऐवजी अक्षर आलं असेल (शून्याच्या जागी इंग्रजी O हमखास येतो), तर तो कप्पा मजकूर धरला जातो. AVERAGE आणि STDEV.P त्याला न बोलता वगळतात. चूक झाल्याचा संदेश दिसत नाही, उत्तर मात्र नऊच दिवसांचं येतं. मराठी आकड्यांत टाइप केलं तरी हे होऊ शकतं, म्हणून तिथे इंग्रजी आकडेच वापरा.

STDEV.P दहाने भागतं, STDEV.S नऊने. हातात असलेले दहा दिवस एवढाच आपला विषय असेल तर पहिलं वापरा. या दहा दिवसांवरून एकूण हंगामाचा अंदाज बांधायचा असेल तर दुसरं. दुसऱ्याने लिटरचा सीव्ही ९.४ आणि फॅटचा ५.७ येतो, क्रम तोच राहतो. मात्र एका रकान्याला एक आणि दुसऱ्याला दुसरं, असं करायचं नाही. शाळेच्या पुस्तकातलं उत्तर आणि मोबाइलवरचं उत्तर थोडं वेगळं आलं तर पहिला संशय इथेच घ्या.

एका दिवसामुळे निकाल ठरला नाही ना?

दहा आकडे म्हणजे फार नाहीत. सहावा दिवस बघा, दूध सगळ्यात जास्त, ३.५ लिटर, आणि फॅट सगळ्यात कमी, ६.२. दोन्ही रकान्यांचा सीव्ही याच दिवसाने वाढवला असेल असं वाटतं, तर तो दिवस बाजूला ठेवून पुन्हा मोजा. उरलेल्या नऊ दिवसांत लिटरचा सीव्ही ७.५ आणि फॅटचा ४.० टक्के येतो. दोन्ही खाली आले, पण फॅटच स्थिर राहिलं. निकाल त्या एका दिवसावर टेकलेला नव्हता हे यावरून कळतं. क्रमच उलटला असता तर दोन-तीन बिलांचे आकडे जोडल्याशिवाय काही बोलू नये.

तो दिवस कायमचा खोडायचा मात्र नाही. फोटोत आकडा स्पष्ट आहे, बेरीज जुळते, मग तो खरा आहे. वगळून मोजणं फक्त पडताळणीसाठी.

लॅक्टोमीटरच्या रकान्यावर सीव्ही लावू नका

काही कार्डांवर तिसरा रकाना असतो, डिग्रीचा, म्हणजे लॅक्टोमीटरच्या वाचनाचा. तिथेही सीव्ही काढावा असा मोह होतो, आणि उत्तर छान लहान येतं म्हणून ‘डिग्री सगळ्यात स्थिर’ असा निष्कर्ष निघतो. तो टिकत नाही.

लॅक्टोमीटरवरचे २९ म्हणजे दुधाचं विशिष्ट गुरुत्व १.०२९. वाचताना पुढचा १ सोडून दिला आणि उरलेल्याला हजाराने गुणलं, एवढंच. समजा सरासरी २९ आणि प्रमाण विचलन ०.८ आहे. डिग्रीवरून सीव्ही २.८ टक्के येतो. तीच वाचनं विशिष्ट गुरुत्वात लिहिली तर सरासरी १.०२९, प्रमाण विचलन ०.०००८, आणि सीव्ही ०.०८ टक्के. दूध एकच असताना दोन उत्तरांत पस्तीसपट फरक पडतो. कारण लॅक्टोमीटरचा शून्य म्हणजे ‘काहीच नाही’ असा शून्य नाही, तो पाण्याच्या घनतेशी बांधलेला शून्य आहे. शून्य लिटर म्हणजे दूध नाही आणि शून्य फॅट म्हणजे स्निग्धांश नाही, म्हणून तिथे सरासरीने भागण्याला अर्थ असतो. सेल्सिअसमधल्या तापमानाला हीच अडचण आहे, तिथेही शून्य सोयीने ठरवलेला आहे. त्यामुळे सीव्ही लावण्याआधी रकान्याचा शून्य कसला आहे ते तपासा. सरासरीच शून्याच्या जवळ असेल, उदाहरणार्थ दररोजच्या दुधातली वाढ-घट मांडली असेल, तर जवळपास शून्याने भागावं लागतं आणि हजारो टक्के येतात. त्याही रकान्यासाठी हे माप नाही.

दोन रकाने एकत्र

तक्ता पुन्हा आडवा वाचा. दूध २.६ तर फॅट ७.५, दूध ३.५ तर फॅट ६.२. दूध वाढलं की फॅट उतरतं. ही गोष्ट दोन सीव्हींमध्ये दिसत नाही, कारण सीव्ही एका वेळी एकच रकाना बघतो. तक्त्यातल्या दिवसांचा क्रम एका रकान्यात कसाही उलटसुलट केला तरी त्याचा सीव्ही तोच येईल.

म्हणून आणखी एक रकाना करा: लिटर गुणिले फॅट. यावरून त्या दिवशी दुधातून एकूण किती स्निग्धांश गेला याचा अंदाज येतो. पहिल्या दिवशी २१.०, चौथ्या दिवशी १९.५, सहाव्या दिवशी २१.७. दहा दिवसांची सरासरी २०.९, प्रमाण विचलन ०.८५, सीव्ही ४.१ टक्के. लिटरचा ८.९ आणि फॅटचा ५.४ असताना त्यांचा गुणाकार दोन्हींपेक्षा स्थिर निघाला. एक वर जाताना दुसरं खाली आलं आणि चढउतार एकमेकांत जिरला.

दर फॅटवर ठरत असेल तर शेतकऱ्याच्या पैशाच्या जवळचा रकाना हाच आहे. लिटर घटलं म्हणून लगेच खुराक बदलायला निघण्याआधी हा गुणाकार एकदा काढून बघावा. चौथ्या दिवशी दूध सरासरीपेक्षा १३ टक्क्यांनी कमी होतं, स्निग्धांश मात्र फक्त ७ टक्क्यांनी.